पाऊस पडला, कोथिंबीर महाग की स्वस्त?



एका अगदी साध्या प्रश्नावरून नववीच्या वर्गात मोठा वाद झाला. प्रश्न असा होता : पाऊस पडला की आठवड्याच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव चढतो की उतरतो? पहिल्या बाकावरचा एक मुलगा ठामपणे म्हणाला, "चढतो. गेल्या बाजारी आईने पंचवीस रुपयांना एक जुडी आणली, आणि तीही एवढीशी." तेवढ्यात मागून दुसरा उठला. त्याच्या घरी पाऊण एकर कोथिंबीर असते. तो म्हणाला, "सर, उतरतो. त्याच्या आधीच्या बाजारी अण्णांनी शेवटच्या जुड्या तीन रुपयांना देऊन टाकल्या. पावसानेच मारले."

दोघेही खरे बोलत होते. मग पावसाने भाव चढतो की उतरतो? मागणी आणि पुरवठ्याचा सिद्धान्त तुम्ही पुस्तकात वाचला असेल. मागणी वाढली की भाव चढतो, पुरवठा वाढला की उतरतो, हे पाठही असेल. तेवढ्यावर मात्र या दोघांचा वाद मिटत नाही. तो मिटवायचा तर बाजारात जाऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी उभे राहायला हवे. चला, आज ते मनाने करू. पुढल्या बाजाराच्या वारी तुम्ही प्रत्यक्ष करा.

प्रथम मागणी म्हणजे काय ते नक्की करू. कोथिंबीर हवी असे वाटणे म्हणजे मागणी नव्हे; ती तर सगळ्यांनाच हवी असते. एका ठरावीक भावाला, खिशातले पैसे मोजून, जेवढ्या जुड्या घ्यायला लोक तयार असतात तेवढी त्या भावाची मागणी. म्हणजे मागणी हा एकच आकडा नाही, ती आकड्यांची रांग आहे. समजा, आपल्या बाजारात दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण विचारले की, जास्तीत जास्त किती रुपयांना एक जुडी घ्याल? उत्तरे एकत्र करून असे पत्रक तयार झाले असे धरू :

२५ रुपये भाव असेल तर ३०० जुड्या खपतील.
२० रुपये असेल तर ३६० जुड्या.
१५ रुपये असेल तर ४५०.
१० रुपये असेल तर ६००.
५ रुपये असेल तर ८००.
३ रुपये असेल तर १०००.

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. तुमच्या बाजारचे आकडे वेगळे असतील, पण रांगेचे वळण हेच राहील : भाव खाली, मागणी वर. याला अर्थशास्त्रात मागणीपत्रक म्हणतात.

आता पुरवठा. नेहमीच्या बाजारी सगळ्या विक्रेत्यांच्या मिळून ६०० जुड्या आल्या आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जुड्या पहाटे उपटून, बांधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आलेल्या आहेत. भाव २५ झाला तर आज आणखी शंभर जुड्या शेतातून येऊ शकत नाहीत, आणि भाव ५ झाला तर शंभर जुड्या परत मातीत रोवता येत नाहीत. तेव्हा भाव काहीही असो, आजचा पुरवठा ६००. आलेखावर काढलात तर पुरवठ्याची रेषा सरळ उभी येईल.

मग भाव किती ठरेल? ज्या भावाला नेमक्या ६०० जुड्या मागितल्या जातात तो, म्हणजे १० रुपये. पुस्तकातली समतोल किंमत ती हीच. पण बाजारात शिरताना कोणी विक्रेता "आजची समतोल किंमत दहा" अशी पाटी लावून बसलेला दिसत नाही. एकूण जुड्या किती आल्या हे कोणालाच ठाऊक नसते. प्रत्येक जण आपला ढीग पाहतो, शेजाऱ्याचा पाहतो, गेल्या बाजारचा भाव आठवतो आणि अंदाजाने सुरुवात करतो. समजा सुरुवात २० ने झाली. वीस किंवा त्याहून जास्त द्यायला तयार असलेली ३६० माणसे दुपारपर्यंत घेऊन गेली. मग ढिगासमोर लोक थांबतात, भाव विचारतात आणि पुढे जातात. विक्रेत्याला हा इशारा पुरतो. तो "पंधरा" म्हणतो; आणखी ९० जुड्या जातात. ऊन कलते, तो "दहा, दहा" असा पुकारा करतो. उरलेल्या १५० जातात. दिवेलागणीला गोणपाट रिकामे. एकूण ६००. म्हणजे समतोल किंमत सकाळी कोणाला माहीत नव्हती. बाजार पायरी पायरीने उतरत तिच्यापाशी पोचला.

(खऱ्या बाजारात जास्त पैसे देणारे सगळेच सकाळी येतात असे नाही. कामावरून सुटून सहाला येणारा मनुष्यही वीस द्यायला तयार असू शकतो. ज्या गावी असे लोक पुष्कळ, तेथे संध्याकाळची उतरण कमी असते.)

आता येथे एक चौकस विद्यार्थी विचारील की, एका बाजारात एका वस्तूचा एकच भाव असतो असे पुस्तक सांगते, मग सकाळी वीस आणि संध्याकाळी दहा हे कसे? त्याचे थोडे उत्तर वर आलेच. भाव शोधायला वेळ लागतो. उरलेले उत्तर ढिगात हात घातला की मिळते. सकाळची जुडी टवटवीत असते आणि निवडून घेता येते. संध्याकाळची कितीही पाणी शिंपडले तरी माना टाकते. तेव्हा नाव एकच असले तरी गिऱ्हाइकाच्या लेखी त्या दोन वस्तू आहेत. यातला किती भाग सुकण्याचा आणि किती भाग ढीग संपवण्याचा, हे वेगळे करायचे असेल तर त्याच बाजारातला बटाटा पाहा. तो चार-सहा तासांत सुकत नाही, आणि त्याचा भावही सहसा सकाळ-संध्याकाळ फारसा हलत नाही. मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. बटाट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे लवकरच येऊ.

आता पाऊस आणू. पहिल्या मुलाचा बाजार आधी घेऊ. बाजाराच्या आधी दोन दिवस पावसाची झड लागली होती. वाफ्यांत पाणी साचले, खालची पाने सडली, चिखलात उपटणी नीट झाली नाही. ६०० ऐवजी ३०० जुड्याच आल्या. बाजाराच्या दिवशी मात्र उघाड होती आणि गिऱ्हाइके नेहमीइतकीच. मागणीपत्रक तेच, पुरवठ्याची उभी रेषा डावीकडे सरकून ३०० वर आली. पत्रकात पाहा, ३०० जुड्या कोणत्या भावाला खपतात? २५ रुपये. आईने पंचवीस मोजले ते यामुळे.

दुसऱ्या मुलाचा बाजार वेगळा होता. माल नेहमीसारखा आला होता, ६०० जुड्या. दुपारपर्यंत ३६० जुड्या २० च्या भावाने गेल्या. तीनच्या सुमारास आभाळ फुटले. छत्र्या उलटल्या, लोक बाजाराच्या पिशव्या डोक्यावर धरून घराकडे धावले. समजा, नंतर येणाऱ्यांपैकी निम्मेच आले. राहिलेल्या जुड्या २४०. पंधराला नेहमी ९० जात, आता ४५ गेल्या. दहाला १५० जात, आता ७५ गेल्या. म्हणजे दहा रुपयांपर्यंत उतरूनही १२० जुड्या शिल्लकच. भाव पाच केला. नेहमीच्या पत्रकात दहावरून पाचवर आल्यावर २०० जुड्या जास्त खपतात. निम्म्या धरल्या तर १०० गेल्या. उरल्या वीस. त्या तीन रुपयांना गेल्या. अण्णांच्या त्या शेवटच्या जुड्या.

एकच पाऊस. दोन दिवस आधी पडला तर त्याने पुरवठा कापला आणि भाव चढला. माल बाजारात येऊन पडल्यावर पडला तर त्याने मागणी कापली आणि भाव उतरला. तेव्हा "पावसाने भाव चढतो का?" हा प्रश्नच अपुरा आहे. पाऊस कोणत्या बाजूवर पडला, हे विचारायला हवे.

पण मित्रांनो, रोज आपल्याला कारण असे समोर दिसत नाही. बाजारात गेलो आणि भाव चढलेला दिसला, तर मागणी वाढली की पुरवठा घटला हे कसे ओळखावे? नुसत्या भावावरून ते कधीही ओळखता येत नाही. हमखास चूक होते ती येथेच. भावाबरोबर खपलेला माल किती, हेही पाहावे लागते. भाव चढला आणि खप घटला, तर पुरवठा आकसला असला पाहिजे. झडीनंतरचा आपला बाजार तसाच होता. भाव चढला आणि खपही वाढला, तर मागणी वाढली. नवरात्राच्या आधीच्या बाजारी झेंडूच्या पाट्या पाहा : माल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आलेला असतो आणि तरीही भाव चढा असतो. पुरवठा वाढूनही भाव चढला याचा अर्थ मागणी त्याहूनही जास्त वाढली. उलट श्रावणात अंड्यांचे पाहा. पुष्कळ घरांत महिनाभर अंडी-मटण बंद असते, म्हणून अंड्यांचा भाव नरम होतो आणि खपही कमी होतो. भाव आणि खप दोन्ही खाली, तेव्हा मागणी घटली. भाव खाली आणि खप वर असे दिसले तर पुरवठा वाढला. हिवाळ्यात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात तेव्हाचे चित्र हे.

हे समजले की एक जुने कोडेही सुटते. वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी ते घालतोच : "सर, भाव चढला की मागणी घटते. मागणी घटली की भाव उतरतो. मग भाव चढूनही उतरणारच. म्हणजे भाव कधी चढायलाच नको!" तर्क बिनचूक वाटतो ना? गोम अशी की यात 'मागणी घटते' हे शब्द दोनदा आले आहेत आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा आहे. झडीनंतर भाव २५ झाला आणि ६०० ऐवजी ३०० जुड्या खपल्या, तेव्हा आपण त्याच पत्रकात वरच्या ओळीवर गेलो. पत्रक बदलले नाही. याला मागणीचा संकोच म्हणतात. याने भाव पुन्हा उतरत नाही, कारण माल मुळातच ३०० आहे. भर बाजारात पाऊस आला तेव्हा मात्र प्रत्येक भावापुढचा आकडाच निम्मा झाला, म्हणजे पत्रकच बदलले. याला मागणीतील ऱ्हास म्हणतात. भाव उतरतो तो याने. ओळ बदलणे वेगळे आणि पत्रक बदलणे वेगळे.

आता अण्णांच्या तीन रुपयांकडे वळू. वर्गातल्या एका मुलीने विचारले, "जुडीला खर्चच तीनहून जास्त आला असेल, मग तीनला दिलीच का? घरी न्यायची." तिचा राग योग्य होता. पण संध्याकाळी सहा वाजता अण्णांच्या पुढे काय होते ते पाहा. बियाणे, खत, पाणी, उपटणी, टेम्पोचे भाडे हे सगळे खर्च होऊन गेलेले आहेत. जुडी विकली तरी ते परत येत नाहीत, न विकली तरी येत नाहीत. घरी नेली तर ती उद्या पिवळी पडणार, आणि पुढचा बाजार आठ दिवसांनी. शेळीपुढे टाकली तर रुपया-दीड रुपयाची वैरण वाचली, इतकेच. तेव्हा त्या घटकेला त्यांच्या दृष्टीने जुडीची किंमत दीड रुपया. त्याहून जास्त जे मिळेल ते बरे. विक्रेता ज्या भावाच्या खाली उतरत नाही त्याला राखीव किंमत म्हणतात. नाशिवंत मालाची राखीव किंमत सूर्याबरोबर खाली उतरते.

कांदा-बटाट्याची जी वेगळी गोष्ट मघाशी राहिली होती, ती हीच. कांदेवाला संध्याकाळी पोते शिवतो आणि उद्याच्या दुसऱ्या गावच्या बाजाराला जातो. उन्हाळी कांदा तर चाळीत चार-पाच महिने राहतो. त्यामुळे कांदेवाल्याजवळ असलेला सगळा माल म्हणजे पुरवठा नव्हे. जवळ आहे तो साठा. त्यातला आजच्या भावाला तो विकायला तयार आहे तेवढाच पुरवठा. कोथिंबिरीचा साठा आणि पुरवठा संध्याकाळपर्यंत एकच होऊन जातात. कांद्याचे तसे होत नाही.

आल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लहान गावातल्या धान्यबाजाराचे असेच एक उदाहरण घेतले आहे. भाव ३७ शिलिंग असेल तर धान्यवाले १००० क्वार्टर विकायला तयार आहेत, पण गिऱ्हाइके ६०० च घेतील (क्वार्टर हे तिकडचे धान्याचे माप). भाव ३५ असेल तर धान्यवाले ६०० च काढतील आणि गिऱ्हाइके मागतील ९००. भाव ३६ असेल तर दोन्हीकडे ७००. तेव्हा घासाघीस होत होत भाव ३६ च्या आसपास येऊन थांबेल. हे आकडे आपल्या कोथिंबिरीशेजारी ठेवून पाहा. धान्यवाल्यांचा पुरवठा भावाबरोबर ६००, ७००, १००० असा हलतो, कारण धान्य परत नेता येते. आपली रेषा उभीच होती.

मग उत्पादनखर्चाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो आज संध्याकाळी लागू होत नाही. अण्णा पुन्हा धणे पेरायचे की नाही हे ठरवतील तेव्हा तो लागू होईल. कोथिंबीर साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येते. खर्च सुटत नाही असे दिसले तर अण्णा, आणि त्यांच्यासारखे आणखी काही, त्या वाफ्यांत दुसरे काही लावतील. दीड महिन्याने बाजारात जुड्या कमी येतील आणि भाव सावरेल. मार्शलने भाव ठरण्याची तुलना कात्रीशी केली होती : कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, हा वाद व्यर्थ आहे. एका दिवसाच्या बाजारात मागणीचे पाते हलताना दिसते आणि दुसरे स्थिर वाटते. जितका जास्त काळ पाहाल, तितके खर्चाचे पाते हलताना दिसेल. उलटही होते, बरे का. पंचवीसची तेजी पाहून गावातल्या सगळ्यांनीच धणे पेरले, तर दीड महिन्याने हजार जुड्या येऊन पडतात आणि आपल्या पत्रकाप्रमाणे भाव तीन. प्रत्येकाने शहाणपणाने पेरले, पण एकमेकांना न विचारता.

आता बाजारात जाताना. एकच भाजी निवडा. दर तासाला तिचा भाव आणि उरलेल्या जुड्यांचा अंदाज वहीत टिपा. सकाळीच दोन-तीन विक्रेत्यांना "किती शेकडा आणली?" असे विचारून घ्या, गिऱ्हाइकांची गर्दी नसताना विचारलेत तर बहुतेक जण आनंदाने सांगतात. टिपताना दोन फसगती होतात. एक, सांगितलेला भाव टिपला जातो. घासाघीस होऊन पैसे ज्या भावाने हातात पडले तोच खरा भाव. दुसरी फसगत जास्त लबाड आहे. भाव दिवसभर तोच राहतो, पण दुपारी जुडी सोडून लहान बांधली जाते, किंवा संध्याकाळी "दहाला दोन" होतात. वाट्याने विकायच्या मिरच्यांचा वाटाही असाच लहान-मोठा होतो. तेव्हा शक्य असेल तर एक जुडी सकाळी व एक संध्याकाळी विकत घेऊन घरी तोला, आणि भाव किलोवर काढा. "भाव हललाच नाही" असे लिहिणाऱ्या अनेकांच्या वह्या या एका गोष्टीने चुकतात.

खालील प्रश्न सोडवा. उत्तराबरोबर कारण द्या. नुसते 'चढेल' किंवा 'उतरेल' चालणार नाही.

१. आपल्या पत्रकावरून ३००, ६०० आणि १००० जुड्या आल्या असता सगळा माल एकाच समतोल भावाने गेला तर सर्व विक्रेत्यांना मिळून किती रुपये मिळतील ते काढा. माल कमी आलेल्या दिवशी एकूण रक्कम सर्वांत जास्त कशी? आणि त्या दिवशी प्रत्येक शेतकऱ्याचा फायदा झाला असे म्हणता येईल का? (ज्याचा वाफा पूर्ण सडला त्याचा विचार करा.)

२. एका बाजारी कोथिंबीर दुपारी दोनलाच संपली. भाव दिवसभर १० होता. त्या दिवशी समतोल किंमत दहाहून जास्त होती की कमी? पाचला आलेल्या गिऱ्हाइकाला हे कसे जाणवेल?

३. बाजाराच्या आदल्या दिवशी गावात मजुरीचा पगार झाला. बाजारी मटकी, गूळ, कोथिंबीर आणि कपडे यांपैकी कशाचा भाव लगेच हलेल आणि कशाचा हलणार नाही? साठा आणि पुरवठा यांतला फरक वापरून उत्तर द्या.

४. झड दोन दिवस आधीही लागली आणि बाजाराच्या दुपारीही पाऊस आला. खपाबद्दल तुम्ही काय नक्की सांगू शकता? भावाबद्दल काय सांगता येणार नाही, आणि ते सांगण्यासाठी आणखी कोणता आकडा लागेल?

५. गावातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी ठरवले की सकाळी जायचेच नाही, संध्याकाळी स्वस्त झाल्यावरच घ्यायचे. आपल्या ६०० जुड्यांचे पत्रक घेऊन सांगा : संध्याकाळी भाव दहाच्या खाली जाईल का?